आजीचा काढा

चिपळुणात संध्याकाळपासून पाऊस धरलेला. सात वर्षांचा नातू म्हणाला, "आजी, घसा खवखवतोय गं." आजीने आधी बॅटरी घेऊन घसा पाहिला, कपाळाला हात लावला. ताप नव्हता, गिळताही येत होतं. मग तिने पातेलं चढवलं.

दोन कप पाण्यात ठेचलेलं बोटाच्या पेराएवढं आलं, ज्येष्ठमधाची छोटी काडी आणि दोनच मिरे. मिरे वाढवले की मुलं काढा थुंकतात, आणि दुखरा घसा आणखी चरचरतो. ज्येष्ठमधाची मुळी कडक, तिला उकळायला वेळ लागतो. तुळस नि गवती चहा मात्र आजीने पाणी निम्मं आटल्यावर, गॅस बंद करून घातला आणि झाकण ठेवलं. यांचा वास असतो तेलात, आणि ते वाफेबरोबर उडून जातं.

"मध?"

"कोमट होऊ दे. पाळण्यातल्या छोटीला मात्र बोटभरही चाटवायचा नाही हं." वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

काढ्याने घसा शेकतो, ओला राहतो. जंतुसंसर्ग बरा होत नाही. रात्री ताप चढला किंवा लाळही गिळवेना, तर आजी दुसरा काढा करणार नव्हती, थेट डॉक्टरकडे नेणार होती.