रक्त की मांस : कुर्बानीचे दोन हिशेब

महाराष्ट्रातल्या सुन्नी मुसलमानांमध्ये धर्मशास्त्राची दोन घराणी नांदतात. मराठवाडा, खानदेश, विदर्भ इथले बहुतेक जण हनफी, तर रत्नागिरी-रायगडचे कोकणी मुसलमान शाफई. नमाजातले फरक बाहेरच्याच्या चटकन लक्षात येत नाहीत. बकरी ईदच्या बाजारात मात्र ते उघडे पडतात, कारण एकाला चालणारा बकरा दुसऱ्याला चालत नाही.

हनफींचा आधारग्रंथ ‘हिदाया’. तो फरगाण्याच्या मर्गीनानींचा. ते 1197 मध्ये वारले. शाफईंकडे तेच स्थान दमास्कसच्या दक्षिणेकडील नवा गावच्या इमाम नववींच्या ग्रंथांना आहे. नववींचा मृत्यू 1277 चा. कुर्बानीबद्दलची दोघांची प्रकरणे समोरासमोर ठेवून वाचली की बारीकसारीक नियमांमागचा मोठा फरक दिसू लागतो. हनफींच्या लेखी कुर्बानी म्हणजे ठरल्या दिवसांत ईश्वरासाठी रक्त सांडण्याची कृती. ती झाली की कर्तव्य पुरे. शाफईंची नजर त्या कृतीबरोबरच मांसावर असते : किती आहे, कसे आहे, कुणाच्या हाती पडले. माझ्या मते बाकीचे बरेच मतभेद या एका धाग्याने उलगडतात.

आधी वय. बाजारात दाखला पाहत नाहीत, दात पाहतात. बकऱ्याचे पुढचे दोन दुधाचे दात पडून पक्के आले की तो ‘दोन दाती’ झाला, म्हणजे साधारण वर्षाच्या पुढे गेला. हनफींना शेळी-बोकड पूर्ण एक वर्षाचा लागतो. शाफईंचे मान्य मत दोन वर्षांचे. म्हणजे चौदा महिन्यांचा दोन दाती, अंगाने भरलेला बकरा औरंगाबादेत बिनदिक्कत चालेल, पण शाफई नियम काटेकोर पाळणारा कोकणी माणूस तो घेणार नाही; तो चार दातांकडे बघेल. दात मुळात अंदाज आहे. जात आणि चारा यांप्रमाणे तो मागेपुढे येतो. शास्त्राची अट वयाची आहे, दाताची नव्हे. म्हणून घरच्या जन्मतारखेची खात्री असेल तर दात न पडलेला बकराही हनफींना चालतो. मेंढ्याला मात्र सवलत आहे. सहा महिने पुरे झालेला, पण वर्षाच्या कळपात सोडला तर वेगळा ओळखू येणार नाही इतका भरलेला मेंढा हनफी चालवून घेतात. बोकडाला ही सूट नाही.

व्यंगांची सुरुवात एका हदीसपासून होते. बरा इब्न आझिब या सहाबींनी सांगितलेली चार जनावरे सगळ्यांनाच अमान्य : उघड काणे, उघड आजारी, उघड लंगडे आणि हाडांत मगज न उरलेले मरतुकडे. ‘उघड’ या शब्दाने फकीहांना कामाला लावले. किती म्हणजे उघड?

अबू हनीफांचे प्रसिद्ध मत असे, की कान, शेपटी किंवा दृष्टी एक तृतीयांशापर्यंत गेली तर चालेल, त्याहून जास्त नाही. त्यांचे शिष्य अबू यूसुफ आणि मुहम्मद म्हणतात, अर्ध्याहून जास्त शिल्लक असले की पुरे. कान मोजता येतो, पण नजर कशी मोजायची? ‘हिदाया’त त्याची रीत दिली आहे. जनावराला एक-दोन दिवस चारा द्यायचा नाही. मग अधू डोळा बांधून दुरून हळूहळू चारा जवळ आणायचा आणि जिथून ते चारा बघते तिथे खूण करायची. नंतर चांगला डोळा बांधून तेच करायचे. समजा, चांगल्या डोळ्याला चारा तीस हातांवरून दिसला आणि अधू डोळ्याला वीस हातांवरून. नजर एक तृतीयांश गेली. बकरा सगळ्यांना मान्य. अधू डोळ्याला अठरा हातांवरूनच दिसला, तर तृतीयांशाहून अधिक गेली. अबू हनीफा नको म्हणतील, शिष्य घ्या म्हणतील. आठशे वर्षांपूर्वीची ही नेत्रतपासणी वाचताना मला तरी त्या उपाशी बकऱ्याची दया येते.

शाफईंची कसोटी वेगळी : मांसात घट आणणारे व्यंग नको. कानाचा तुकडा तुटून गेला असेल तर तो खाण्याजोगा भाग गेला, म्हणून थोडा तुटला तरी जनावर बाद. कान नुसता चिरला असेल किंवा त्याला भोक असेल आणि काही गळून पडले नसेल, तर हरकत नाही. खरूज थोडी असली तरी त्यांना नको. हनफी मात्र अंगाने भरलेले खरूजलेले जनावर मान्य करतात. खच्ची केलेला बकरा दोघांनाही चालतो, त्याचे मांस उलट चांगले होते. जन्मतः शिंगे नसली तरी बिघडत नाही.

कापायला आडवे पाडताना बकऱ्याने झटापट केली आणि पाय मोडला तर? हनफी म्हणतात, कृती सुरू झाली होती, कुर्बानी झाली. शाफई म्हणतात, सुरी फिरण्याआधी व्यंग आले, झाली नाही.

वेळेबाबत एक प्रसंग सगळे सांगतात. अबू बुरदा नावाच्या सहाबींनी ईदच्या नमाजाआधीच जनावर कापले. पैगंबरांनी त्यांना सांगितले, की ते नुसते मांस झाले, कुर्बानी नाही. यावरून हनफींनी शहर आणि खेडे वेगळे केले. शहरात ईदचा नमाज झाल्याशिवाय कापता येत नाही. जिथे ईदचा नमाजच होत नाही अशा खेड्यात दहाव्या जिलहिज्जाच्या पहाटेपासून चालते. आणि बघायचे ते जनावर कुठे आहे, मालक कुठे आहे हे नाही. त्यामुळे घाई असलेल्या शहरवासीयाने बकरा शिवेबाहेर पाठवून पहाटेच कापून घ्यावा, अशी युक्ती खुद्द ‘हिदाया’ सांगते. मशिदीतला नमाज झाला आणि ईदगाहवरचा व्हायचा आहे, तरीही चालते, ही सोय मोठ्या शहराला फार उपयोगाची. शाफईंनी नमाजाऐवजी वेळेचे माप धरले : सूर्योदयानंतर दोन रकअत आणि दोन छोटे खुतबे होतील एवढा अवधी गेला की मुभा, प्रत्यक्ष नमाज झाला असो वा नसो. सुन्नींचे आणखी एक घराणे असलेले मालिकी सर्वांत कडक. इमामाने स्वतःचे जनावर कापेपर्यंत थांबा म्हणतात. मुदत हनफींची बाराव्या तारखेच्या सूर्यास्तापर्यंत, शाफईंची तेराव्याच्या.

मांसाचे तीन वाटे सर्वांना ठाऊक असतात : घराला, नातलग-शेजाऱ्यांना, गरिबांना. पण तो उत्तम रिवाज आहे, सक्ती नव्हे. हनफी कुटुंबाने सगळे मांस घरी ठेवले तरी कुर्बानी होते, कारण रक्त सांडले तेव्हाच ती झाली. शाफईंकडे असे नाही. थोडे का होईना, कच्चे मांस गरिबाच्या हाती पडलेच पाहिजे. शिजवून जेवू घातले तर पुरत नाही, कारण कच्च्याचे काय करायचे हे त्याने ठरवायचे आहे. नवसाची कुर्बानी असेल तर मालकाने त्यातले खायचेच नाही. बिगर-मुस्लिम शेजाऱ्याला वाटा द्यायला औरंगजेबाच्या काळी संकलित झालेला ‘फतावा आलमगिरी’ मोकळीक देतो. शाफईंचे मान्य मत इथे आखडते आहे.

म्हशीत सात जण भागीदार होतात तेव्हा हनफींना तराजू लागतो. मांसाची वाटणी अंदाजाने करायची नाही, कारण ती एक प्रकारची अदलाबदल ठरते आणि एकाच जिनसाच्या अदलाबदलीत कमीजास्त झाले की ते व्याज. तराजू नको असेल तर एखाद्याच्या वाट्याला मुंडी, पाय किंवा कातडे जोडून द्यावे; मग जिन्नस बदलतो आणि अंदाज चालतो. सातांपैकी एकाचा हेतू निव्वळ मांस मिळवण्याचा असला तर हनफींच्या मते बाकी सहांचीही कुर्बानी वाया जाते. रक्त एकच, त्याचे तुकडे पडत नाहीत. शाफईंना त्यात अडचण दिसत नाही, मांसाचे सात वाटे होतातच.

खाटकाची मजुरी यातून द्यायची नाही, यावर दोघांचे एकमत आहे. मांस, कातडे काहीही मोबदला म्हणून नाही. मजुरी वेगळी रोख द्यायची, मग हवे तर भेट म्हणून वाटा द्यायचा. कातडे घरात वापरा किंवा दान करा. हनफी माणसाने ते रोखीत विकले तर ती रक्कम त्याने गरिबाला द्यायची. शाफईंना विक्रीच मान्य नाही.