रेडिएटरला तांबं का लागत नाही?

गाडीचं बॉनेट उघडून रेडिएटर जवळून पाहिला तर चपट्या नळ्यांच्या रांगा दिसतात आणि दोन नळ्यांच्या मध्ये कागदासारख्या पातळ पत्र्याच्या दाट घड्या. या घड्या म्हणजे फिन. नळ्यांतून इंजिनाचं गरम पाणी वाहतं, फिनमधून वारा जातो. जुने रेडिएटर तांब्या-पितळेचे असत, आता बहुतेक ॲल्युमिनियमचे असतात. तांबं तर जवळजवळ दुप्पट चांगलं उष्णतावाहक, मग ते सोडून कसं चाललं? याचं उत्तर एका छोट्या हिशेबात आहे.

मुळात फिन लागतात त्या हवेमुळे. पाणी धातूला उष्णता पटकन देतं, हवा ती फार अनिच्छेने घेते. आपल्या उदाहरणात एक चौरस मीटर पृष्ठभागावर, दर अंश तापमान-फरकाला पाणी ४००० वॅट देतं आणि हवा जेमतेम १०० वॅट घेते असं धरू. ही तूट भरून काढायची तर हवेच्या बाजूचं क्षेत्रफळ वाढवायला हवं. म्हणून पाण्याच्या बाजूला १ चौरस मीटर असेल तर हवेच्या बाजूला ८ ठेवू. त्या आठातला ८५ टक्के भाग फिनचा, उरलेला नळीच्या उघड्या अंगाचा.

पण फिनचं सगळं क्षेत्रफळ सारखं कामाचं नसतं. नळीला चिकटलेली कड नळीइतकी गरम असते. तिथून दूर जावं तसा पत्रा थंड होत जातो आणि हवेला कमी उष्णता देतो. फिन जितकी उष्णता प्रत्यक्ष देते, तिला ती सगळीकडे नळीइतकीच गरम असती तर दिली असती त्या उष्णतेने भागलं की फिनची कार्यक्षमता मिळते:

η = tanh(mL) / (mL), m = √(2h / kt)

यात h म्हणजे हवेचा तो १०० चा आकडा, k धातूची उष्णतावाहकता, t पत्र्याची जाडी. L ही नळीपासून फिनच्या मध्यापर्यंतची लांबी. फिन दोन्हीकडच्या नळ्यांना जोडलेली असल्याने अर्धंच अंतर मोजायचं. पत्रा ०.१ मिलिमीटरचा, L ५ मिलिमीटर आणि ॲल्युमिनियमची वाहकता २०० धरली तर m येतो १००, mL येतो ०.५ आणि कार्यक्षमता ०.९२.

ही झाली एकट्या फिनची. नळीचा उघडा भाग मात्र पूर्ण तापमानाला असतो, म्हणून तूट फक्त फिनच्या वाट्यापुरतीच मोजायची. क्षेत्रफळांचं गुणोत्तर येतं ते इथे: १ − ०.८५ × (१ − ०.९२४) म्हणजे सुमारे ०.९३५. हवेचे १०० आता ९३.५ धरायचे.

पुढे दोन्ही बाजूंचे अडथळे मिळवायचे. नळीची भिंत इतकी पातळ असते की ती सोडून दिली तरी चालतं.

1/U = 1/93.5 + 8/4000

U येतो साधारण ७९, तोही हवेच्या बाजूच्या दर चौरस मीटरला. दुसऱ्या पदातला ८ अनेकांच्या हातून सुटतो. तो विसरला तर U ९१ दिसतो आणि कागदावर पुरेसा वाटणारा रेडिएटर गाडीत लहान पडतो. शिवाय U कोणत्या क्षेत्रफळावर काढला हे न सांगता नुसता आकडा देणं निरर्थकच. हाच रेडिएटर पाण्याच्या बाजूने मोजला तर U ६३० भरतो.

आता तांबं घालून पाहू. वाहकता ४०० झाली की फिनची कार्यक्षमता ०.९६ वर जाते, पण U फक्त ८१ होतो. वजन तिपटीहून अधिक, मिळकत तीन टक्क्यांच्या आसपास! फिन इतकी आखूड आहे की धातूला फारसं काम उरलेलंच नाही, अडथळा हवेत आहे. तेच दोन नळ्यांतलं अंतर दुप्पट केलं असतं तर ॲल्युमिनियमची कार्यक्षमता ०.७६ वर घसरली असती आणि तांब्याच्या बाजूने बोलायला जागा उरली असती. उलट हवेचा गुणांक १०० वरून १५० वर नेला तर फिनची कार्यक्षमता ०.८९ पर्यंत उतरते, तरी U १०७ होतो. फिनच्या पत्र्याला बारीक तिरक्या चिरा पाडतात त्या यासाठीच. प्रत्येक चिरेशी हवेचा पातळ थर तुटतो आणि नव्याने सुरू होतो.

अशा पृष्ठभागांसाठी हवेचा गुणांक नुसत्या सिद्धांतातून नेमका निघत नाही, तो प्रयोगातून मोजावा लागतो. स्टॅनफर्डच्या केज आणि लंडन यांचा १९५५ मध्ये निघालेला मोजमापांचा ग्रंथ अभियंते आजही उघडतात, तो याच कारणाने.

सूत्राला दोन गोष्टी मात्र दिसत नाहीत. फिन नळीला नीट ब्रेझ झालेली आहे असं ते गृहीत धरतं. जोड सुटला की पत्रा जागेवर दिसतो, पण उष्णता त्याच्यापर्यंत पोचत नाही. दुसरी गोष्ट धुळीची. जाळी चोंदून हवेचा गुणांक ५० वर आला तर फिनची कार्यक्षमता वाढून ०.९६ होते, आणि U मात्र ४४ वर येतो. वर चोंदलेल्या जाळीतून हवाही कमी जाते ती वेगळीच. तेव्हा कार्यक्षमतेचा आकडा चांगला आहे म्हणून रेडिएटर चांगला, असं समजू नये.