पोलाद कोणत्या वाटेने थंड झाले?

ऊसतोडीचा हंगाम जवळ आला की कोल्हापूर भागातल्या लोहारांपुढे कोयत्यांचा ढीग लागतो. कोयत्यासाठी बरेचदा ट्रकच्या जुन्या पाट्याचे पोलाद वापरतात. लोहार ते लालबुंद तापवतो आणि पूर्ण न बुडवता फक्त धार पाण्यात धरतो. बाहेर काढून धार दगडावर घासून चकचकीत करतो. मागच्या बाजूची उष्णता हळूहळू पुढे सरकते आणि धारेवर गवती पिवळा रंग उतरतो. तो दिसला की धार पुन्हा पाण्यात जाते, पाठ मात्र हवेतच निवते. असा कोयता तयार झाल्यावर कानस लावून पाहा. धारेवर ती घसरते, पाठीवर चावते. पोलाद एकच, तापमानही एकच, तरी एका पात्यात दोन स्वभाव.

फरक पडला तो थंड होण्याच्या वाटेने. ही वाट कागदावर मांडणारा आलेख १९३० साली अमेरिकेत एडमंड डेव्हनपोर्ट आणि एडगर बेन यांनी प्रसिद्ध केला. वेळ, तापमान आणि रूपांतर या तिन्हींचा तो आलेख, म्हणून कारखान्यात त्याला टीटीटी कर्व्ह म्हणतात. त्यांची पद्धत साधी होती. पोलादाचे पातळ तुकडे लाल तापवायचे, ठरावीक तापमानाच्या वितळलेल्या शिशात टाकायचे, मोजून काही सेकंदांनी काढून मिठाच्या थंड पाण्यात बुडवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. शिशात असताना जेवढे पोलाद बदलले तेवढे तसेच राहते, उरलेले पाण्यात पडताक्षणी मार्टेन्साइट होते. म्हणजे पाण्याने त्या क्षणाचा फोटो काढला जातो. प्रत्येक तापमानाला बदल कधी सुरू झाला आणि कधी संपला याचे ठिपके जोडले की इंग्रजी ‘C’ सारख्या दोन वक्ररेषा मिळतात.

ही रेषा अशी वाकडी का? सुमारे ०.८ टक्के कार्बन असलेले साधे पोलाद घेऊ. ७२७ अंश सेल्सिअसच्या वर त्यात ऑस्टेनाइट असते आणि कार्बन त्यात विरघळलेला असतो. तापमान ७२७ च्या खाली उतरले की या रचनेला मोडायचे असते. पण ७०० अंशांना मोडण्याची ओढ कमी असते, त्यामुळे काम रेंगाळते. ३०० अंशांना ओढ भरपूर असते, पण कार्बनच्या अणूंना सरकायलाच वेळ लागतो, म्हणून तिथेही रेंगाळते. मध्ये, साधारण ५५० अंशांच्या आसपास, ओढही पुरेशी आणि अणूंची चालही पुरेशी. तिथे बदल एका सेकंदाच्या आसपास सुरू होतो. वक्ररेषेचे हे डावीकडे आलेले टोक म्हणजे नाक. पोलाद कसे होणार, हे बऱ्याच अंशी या नाकाच्या कोणत्या बाजूने आपण उतरतो यावर ठरते.

नाकाच्या वर थांबलो तर पर्लाइट मिळतो: लोह आणि सिमेंटाइटचे पापुद्रे एकावर एक. ७०० अंशांजवळ ते जाड आणि मऊ, ६०० च्या खाली बारीक आणि कणखर. दोरखंड आणि स्प्रिंगसाठीची तार ओढण्यापूर्वी ५०० ते ५५० अंशांच्या शिशातून काढतात ती बारीक पर्लाइटसाठीच. कोयत्याच्या हवेत निवलेल्या पाठीत हाच प्रकार असतो.

नाकाला वळसा घालून, सेकंदाच्या आत, थेट २२० अंशांच्या खाली उतरलो तर कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. जाळी ताणली जाऊन मार्टेन्साइट बनतो. रॉकवेल सी मापावर त्याचा कडकपणा ६५ पर्यंत जातो, पण तो ठिसूळ असतो. म्हणून लोहार पिवळ्या रंगाची वाट पाहतो. तो रंग सुमारे २२० ते २४० अंशांचा असतो आणि त्या उष्णतेत ताण थोडा सैल होतो. हेच टेम्परिंग.

तिसरी वाट मात्र लोहाराच्या हाती नाही. नाक चुकवायचे आणि २२० च्या वरच थबकायचे. समजा चार मिलिमीटर जाडीचे पाते किंवा स्प्रिंग क्लिप आहे. ते ८०० अंशांच्या वरून काढून वितळलेल्या क्षारांच्या ३०० अंशांच्या बाथमध्ये टाकले. तिथे जवळपास मिनिटाभराने बदल सुरू होतो आणि अर्ध्या तासाच्या आसपास संपतो. तेव्हा मिळतो तो खालचा बेनाइट, कडकपणा साधारण ५० ते ५५ रॉकवेल. एवढ्याच कडकपणाच्या टेम्पर केलेल्या मार्टेन्साइटपेक्षा तो सहसा जास्त चिवट असतो. शिवाय बुडवताना तडे जाण्याचा आणि वाकण्याचा धोका कमी. साध्या कार्बन पोलादात बेनाइट सरळ थंड करून मिळतच नाही. वाटेत पर्लाइट आधी गाठतो, म्हणून मध्येच थांबावे लागते. अशा बाथमध्ये ओला जॉब टाकला तर वितळलेला क्षार अंगावर उडतो, ही सूचना भट्टीजवळ लिहिलेली असावी.

आता जाडीचा प्रश्न. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत पन्नास मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट हार्डनिंगला आला, असे धरू. पोलाद ईएन-८, म्हणजे कार्बन सुमारे ०.४ टक्के. पाण्यात टाकल्यावर पृष्ठभाग पटकन उतरतो, पण गाभ्यातली उष्णता बाहेर यायला वेळ लागतो. गाभा नाकात अडकतो. परिणाम, वर मार्टेन्साइट आणि आत फेराइट-पर्लाइट. बाहेरून रॉकवेलवर आकडा चांगला येतो आणि सगळे समाधानी. शाफ्टचा एक तुकडा कापून कडेपासून मधोमध ओळीने मोजा, मग आकडा कोसळताना दिसेल. पृष्ठभागाची झीज एवढाच प्रश्न असेल तर हे चालते, कधी उलट बरेच. पण संपूर्ण छेदावर भार येणार असेल तर चालत नाही.

यावर उपाय जोरात पाणी मारणे नाही, त्याने तडे जातात. उपाय पोलाद बदलणे. ईएन-१९ मध्ये साधारण एक टक्का क्रोमियम आणि थोडे मॉलिब्डेनम असते. ती मूलद्रव्ये पर्लाइटचा बदल लांबवतात आणि आलेखातले नाक उजवीकडे सरकते. मग तेलातल्या संथ थंडीतही गाभा नाकाच्या अलीकडून खाली उतरू शकतो. जाडी वाढत गेली तर याच पोलादात आत बेनाइट येऊ लागतो.

इथे एक इशारा. टीटीटी आलेख एका तापमानाला थांबून काढलेला असतो. सतत थंड होणाऱ्या शाफ्टवर तो जसाच्या तसा लावता येत नाही. अशा वेळी बदल थोडा उशिरा आणि थोड्या खालच्या तापमानाला सुरू होतो. त्यासाठी सतत थंड करून काढलेला सीसीटी आलेख वेगळा असतो. शिवाय रॉकवेलचा आकडा रचना सांगत नाही. ५२ हा बेनाइटचाही असू शकतो आणि टेम्पर केलेल्या मार्टेन्साइटचाही. तुकडा पॉलिश करून नायटलने खोदून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय खात्री होत नाही.

हाच हिशेब इथल्या फाउंड्रीवाल्यांनाही ओळखीचा आहे. एसजी आयर्नचे ओतीव भाग सुमारे ९०० अंशांवरून क्षाराच्या बाथमध्ये ३०० ते ४०० अंशांना रोखून ठेवले की ऑस्टेम्पर्ड आयर्न तयार होते. तिथल्या रचनेला बेनाइट म्हणत नाहीत, पण मध्येच थांबण्याची कल्पना तीच.

तेव्हा हीट ट्रीटमेंटला जॉब पाठवताना चलनावर फक्त ‘५० रॉकवेल’ लिहू नका. पोलादाचा ग्रेड, सर्वांत जाड भागाची जाडी आणि गाभ्यात काय हवे, एवढे तीन मुद्दे लिहा.