डग्गा कुठे गेला?

तबल्याच्या रेकॉर्डिंगसाठी मी एका ट्रान्झिस्टरचा छोटा प्रीअँप्लिफायर जुळवला होता. आवाज मोठा येत होता, चाटीवरचा ‘ना’ तर अगदी खणखणीत. पण डग्गा गेला होता. ‘धा’ वाजला की त्यातला घुमारा नाहीसा, उरायचा नुसता टणत्कार. मायक्रोफोन बदलला, स्पीकर बदलला, काही फरक नाही. दोष माझ्या सर्किटमध्येच होता, आणि तोही मी विचार न करता घातलेल्या एका कपॅसिटरमध्ये.

सर्किट नेहमीचंच, कॉमन एमिटर पद्धतीचं. बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, १२ व्होल्टचा पुरवठा. बेसला ४७ किलोओहम आणि १० किलोओहमची जोडी, कलेक्टरला ३.९ किलोओहम, एमिटरला १ किलोओहम. ट्रान्झिस्टरमधून साधारण १.४ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. त्यात तीन कपॅसिटर असतात. मायक्रोफोनकडून बेसकडे नेणारा एक, कलेक्टरकडून पुढच्या टप्प्याकडे नेणारा दुसरा. हे दोन कपलिंगचे. तिसरा एमिटर आणि ग्राउंड यांच्यामध्ये, म्हणजे बायपासचा. माझ्या डब्यात १० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर भरपूर होते, म्हणून तिन्ही ठिकाणी तेच लावले.

खालचे सूर कमी येत असतील तर पहिला संशय आवाज आत घेणाऱ्या कपॅसिटरवर जातो. मीही त्याच्या जागी १०० मायक्रोफॅरडचा लावून पाहिला. कानाला तसूभर फरक जाणवला नाही. मग कागद-पेन्सिल घेतली.

कपॅसिटर म्हणजे विद्युतभाराचा रांजण समजा. रांजण भरायला किंवा रिकामा व्हायला किती वेळ लागेल, हे त्याच्या आकारावर अवलंबून असतं, आणि तितकंच त्याच्या तोटीवरही. तोटी बारीक, म्हणजे रोध जास्त, तर पाणी सावकाश उतरतं. तोटी रुंद, म्हणजे रोध कमी, तर क्षणात रिकामा. कपॅसिटरची क्षमता आणि त्याला दिसणारा रोध यांचा गुणाकार म्हणजे त्याचा कालस्थिरांक. ज्या वारंवारतेच्या खाली तो कपॅसिटर आवाज अडवू लागतो, तीही यातूनच मिळते: ०.१६ ला सेकंदातल्या कालस्थिरांकाने भागायचं. त्या वारंवारतेला आवाजाची पातळी पुरेपूर असते त्याच्या सुमारे ७० टक्क्यांवर आलेली असते.

म्हणजे प्रत्येक कपॅसिटरला विचारायचा प्रश्न एकच, तुला किती रोध दिसतो? हा विचार करताना बाकीचे दोन कपॅसिटर म्हणजे नुसती तार आहे असं धरायचं.

आधी आत नेणारा. त्याच्या एका बाजूला मायक्रोफोनचे ६०० ओहम, दुसऱ्या बाजूला ट्रान्झिस्टरचा बेस आणि बायसचे रोध मिळून सुमारे २.९ किलोओहम. एकूण ३.५ किलोओहम, कालस्थिरांक ३५ मिलिसेकंद, वारंवारता ४.५ हर्ट्झ. कानाला ऐकू येणाऱ्या आवाजाच्या कितीतरी खाली. बाहेर नेणाऱ्याला कलेक्टरचे ३.९ आणि पुढच्या टप्प्याचे १०, असे जवळपास १४ किलोओहम दिसतात. तिथे १ हर्ट्झच्या जरासं वर. म्हणजे ही दोघं निर्दोष होती. पहिल्याच्या जागी दसपट मोठा कपॅसिटर लावून काही घडलं नाही, ते याचमुळे.

आता बायपास. एमिटरला १ किलोओहमचा रोध जोडलाय, म्हणून त्याला १ किलोओहम दिसत असेल असं वाटतं, आणि इथेच मी फसलो होतो. एमिटरच्या बाजूने ट्रान्झिस्टरमध्ये डोकावलं तर रोध फारच कमी दिसतो. २५ मिलिव्होल्टला प्रवाहाने भागा: १.४ मिलिअँपिअरला सुमारे १८ ओहम येतात. बेसच्या बाजूचे रोधही एमिटरकडून दिसतात, पण ट्रान्झिस्टरच्या प्रवाहवर्धनाने भागले जाऊन. माझ्या ट्रान्झिस्टरचं वर्धन २५० च्या आसपास होतं, तेव्हा त्यांची भर जेमतेम २ ओहमची. एकूण २० ओहम. त्याला समांतर असलेला १ किलोओहम इथे जवळजवळ नसल्यासारखाच.

रांजण तोच, १० मायक्रोफॅरडचा, पण तोटी भली रुंद. कालस्थिरांक ०.२ मिलिसेकंद, वारंवारता ८०० हर्ट्झ!

डग्ग्याचा घुमारा १०० हर्ट्झच्या आगेमागे असतो, म्हणजे एका लहरीला १० मिलिसेकंद लागतात. एमिटरचा व्होल्टेज स्थिर धरून ठेवणं हे बायपासचं काम. पण लहर अर्ध्यावर यायच्या आतच तो कितीतरी वेळा भरून-रिकामा होऊ शकत असेल, तर तो काहीच धरून ठेवत नाही. मग एमिटरचा १ किलोओहम आपलं काम करू लागतो. ट्रान्झिस्टर तापून प्रवाह वाढू नये म्हणून तो घातलेला असतो, पण प्रवाहाला घातलेला तोच लगाम आवाजालाही बसतो. बायपास पूर्ण चालू असताना बेसपासूनचं वर्धन १५० च्या वर, तो नसल्यासारखा असताना तीनच्याही खाली. १०० हर्ट्झला माझा डग्गा होता त्याच्या एक-अष्टमांश झाला होता. पूर्ण नाहीसा झाला नव्हता, म्हणून तर दोष शोधायला इतका वेळ गेला.

संपूर्ण सर्किटची खालची मर्यादा हवी असेल तर तिन्ही वारंवारतांची बेरीज करायची: ८०० अधिक ४.५ अधिक १. यात बायपासचाच अंमल आहे हे उघड दिसतं. ही बेरीज अंदाज आहे, अचूक उत्तर नव्हे. एकच वारंवारता बाकीच्यांपेक्षा खूप वर असेल तर अंदाज चांगला जुळतो. दोन वारंवारता सारख्याच असतील तर मात्र बेरीज दुप्पट सांगते आणि प्रत्यक्षात मर्यादा दीडपटीच्या आसपास असते. चूक होते ती सुरक्षित बाजूलाच, म्हणून डिझाइन करताना मला ही रीत आवडते.

मोजतानाही एक खाच आहे. संदर्भासाठी आपण सवयीने १ किलोहर्ट्झचा सूर घेतो. पण या सर्किटमध्ये तिथेच वर्धन पुरेशाच्या ७८ टक्क्यांवर आलेलं असतं. तोच संदर्भ धरला, तर मर्यादा सव्वापाचशेच्या आसपास आहे असं खोटंच निघेल. मी १० किलोहर्ट्झला पातळी घेतली, मग वारंवारता उतरवत नेली. स्कोपवर पातळी ७० टक्क्यांवर आली तेव्हा काटा साडेसातशेच्या जवळ होता. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर छापील आकड्यापेक्षा २० टक्क्यांनी इकडे-तिकडे असू शकतो, त्यामुळे एवढा फरक चालायचाच.

बायपासच्या जागी ४७० मायक्रोफॅरडचा लावला. कालस्थिरांक ९ मिलिसेकंदांच्या वर गेला, त्याची वारंवारता १७ हर्ट्झ, तिघांची बेरीज २२ च्या जवळ. दुसरा मार्गही आहे: एमिटरच्या १ किलोओहमचे ९०० आणि १०० असे दोन तुकडे करायचे आणि फक्त ९०० ला बायपास करायचं. मग कपॅसिटरला १०० ओहमहून थोडा जास्त रोध दिसतो आणि १०० मायक्रोफॅरडमध्येच १५ हर्ट्झ मिळतात. त्याची किंमत म्हणजे वर्धन २४ वर येतं. पण तोच १०० ओहमचा तुकडा विकृतीही कमी करतो, आणि ट्रान्झिस्टर बदलला तरी वर्धन फारसं हलत नाही. माझ्या मायक्रोफोनला तेवढं पुरत नव्हतं, म्हणून मी ४७० वरच राहिलो. कपॅसिटरचं धन टोक एमिटरकडे ठेवून डाग दिला, आणि पुन्हा ‘धा’ वाजवायला सांगितला. या वेळी टेबलावरचा स्पीकर डग्ग्याबरोबर थरथरला.