मराठी नावांच्या जागी à¤ दिसू लागतं तेव्हा

शाळेच्या प्रवेशाचे अर्ज ऑनलाइन भरून घेतले की शेवटी सगळी माहिती एका सीएसव्ही फाइलीत मिळते. ती डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडावी, तर ‘सविता’ या नावाच्या जागी भलतंच काही दिसतं:

```
à¤¸à¤µà¤¿à¤¤à¤¾
```

अशा वेळी फाइल सेव्ह न करता बंद करायची. पडद्यावर कितीही गोंधळ दिसला तरी डिस्कवरची मूळ फाइल अजून शाबूत असते. एक्सेलने ती फक्त चुकीच्या पद्धतीने वाचलेली असते.

ते कसं होतं, हे याच नावावरून बघता येतं. ‘सविता’मध्ये स, व, इकार, त आणि काना अशी पाच चिन्हं आहेत. UTF-8 या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठवलं जातं आणि पहिले दोन बाइट नेहमी E0 A4 किंवा E0 A5 असतात. ‘स’ म्हणजे E0 A4 B8. फाइल UTF-8 मधली आहे हे एक्सेलला कळलं नाही, तर तो विंडोजची जुनी पद्धत वापरतो. तिच्यात प्रत्येक बाइट हे स्वतंत्र अक्षर असतं, म्हणून E0 चा à होतो, A4 चा ¤ आणि B8 चं ¸. पाच चिन्हांची पंधरा होतात. पानभर à¤ आणि à¥ दिसत असतील, तर नेमकं हेच झालंय असं समजायला हरकत नाही.

उपाय सोपा आहे. एक्सेलमध्ये आधी कोरी शीट उघडायची, वर Data मध्ये जाऊन From Text/CSV निवडायचं आणि फाइल दाखवायची. समोर येणाऱ्या खिडकीत File Origin असं लिहिलेलं असतं. तिथल्या यादीतून 65001: Unicode (UTF-8) निवडलं की खालच्या नमुन्यातली नावं लगेच मराठीत दिसू लागतात. ती नीट वाचून मगच Load करावं. लिब्रेऑफिस कॅल्क तर सीएसव्ही उघडतानाच Character set विचारतो, आणि मला ही पद्धत जास्त बरी वाटते, कारण चूक होण्याआधीच माणूस थांबतो.

ज्यांना दर वेळी डबल-क्लिकच करायचं असतं, त्यांच्यासाठी फाइल नोटपॅडमध्ये उघडून Save As करताना Encoding पुढे UTF-8 with BOM निवडावं. त्यामुळे फाइलीच्या सुरुवातीला तीन बाइटांची एक खूण बसते आणि ती पाहून एक्सेल पद्धत बरोबर ओळखतो. एक्सेलमधून फाइल पुढे पाठवतानाही साधी CSV न निवडता CSV UTF-8 निवडावी.

खरी अडचण येते ती कुणीतरी तो गोंधळ एक्सेलच्या नेहमीच्या .xlsx फाइलीत सेव्ह करून मूळ सीएसव्ही काढून टाकलेली असते तेव्हा. आता à आणि ¤ हीच खरी अक्षरं म्हणून फाइलीत बसलेली असतात. तरीही बऱ्याचदा वाट उलटी चालता येते. फाइलची प्रत करायची आणि ती मुद्दाम जुन्या CSV (Comma delimited) प्रकारात सेव्ह करायची. त्या जुन्या पद्धतीत à चा पुन्हा E0 आणि ¤ चा पुन्हा A4 होतो, म्हणजे मूळचे बाइट परत मिळतात. मग ती सीएसव्ही वर सांगितल्याप्रमाणे 65001 निवडून आत घ्यायची. मात्र शीटमध्ये काही नावं आधीच नीट मराठीत असतील, तर या प्रकारात सेव्ह करताना त्यांची प्रश्नचिन्हं होतील. म्हणून हे प्रतीवरच करायचं.

परत आलेली यादी डोळ्यांखालून घालताना जोडाक्षरं आणि ‘ए’, ‘ऐ’, ‘झ’, ‘ठ’ ही अक्षरं आधी तपासावीत. पाय मोडण्याच्या चिन्हाचा शेवटचा बाइट 8D आहे, आणि जुन्या पद्धतीत त्या जागी छापण्याजोगं अक्षरच नाही. ‘ए’, ‘ऐ’, ‘झ’ यांचंही तसंच. ‘ठ’चा शेवटचा बाइट दिसतो तो रिकाम्या जागेसारखा, आणि कुणी ‘जादा स्पेस’ म्हणून साफसफाई केली असेल तर तो गेलेला असतो. ‘प्रज्ञा’ किंवा ‘ज्योत्स्ना’ अर्धवट आली तर कारण बहुधा यातलंच असतं, आणि तेवढी नावं मूळ अर्जांवरून पुन्हा भरावी लागतात.

रकाना नुसत्या ???? नी भरलेला असेल तर मात्र खटपट करू नये. तिथे प्रत्येक अक्षराऐवजी खरोखरच प्रश्नचिन्ह साठवलं गेलेलं असतं आणि मागे काहीच उरलेलं नसतं. ज्या यंत्रणेतून फाइल काढली तिथूनच ती पुन्हा काढावी. आणि ‘मराठी’च्या जागी `ejkBh` दिसत असेल, तर तो मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टात टाइप केलेला आहे. त्याला फॉन्ट कन्व्हर्टर लागतो. File Origin मध्ये काहीही निवडलं तरी तो बदलत नाही.