दोन नंबरच्या चिलरचं उलटं पाणी

नागपुरातल्या एका नव्या रुग्णालयाचा हँडओव्हर दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ठरला होता. प्लँट रूममधले दोन्ही चिलर जानेवारीत चालवून पाहिले होते आणि तेव्हा कुणाचीच तक्रार नव्हती. आता एप्रिल होता. कमिशनिंग इंजिनीअर बाईंनी रिकाम्या वॉर्डांमध्ये हीटर लावून भाराची चाचणी घेतली, तेव्हा रात्री अकराच्या सुमारास दोन नंबरचा चिलर ट्रिप झाला. रेफ्रिजरंटचं तापमान फार खाली गेलं, असं पॅनेलवर दिसत होतं. रीसेट करून लावला, तर थोड्या वेळाने पुन्हा तेच.

"गॅस कमी असेल, मॅडम," ऑपरेटर म्हणाला. या ट्रिपमागे अनेकदा तेच कारण असतं, त्यामुळे शंका रास्त होती. पण बाईंनी पॅनेलवरच्या ट्रिपच्या आधीच्या नोंदी उघडल्या. आत येणारं पाणी 3 अंश, बाहेर जाणारं 7 अंश! गार करणाऱ्या यंत्रातून पाणी चार अंशांनी तापून बाहेर पडत होतं.

असं होणं शक्य नाही. तेव्हा एक तर दोन सेन्सरची अदलाबदल झाली होती, नाहीतर पाणीच उलट्या दिशेने वाहत होतं. इलेक्ट्रिशियनला वाटलं, पंपाची फेज उलटी लागली असेल. पण सेंट्रिफ्युगल पंप सीलिंग फॅनसारखा नसतो. तो उलटा फिरला तरी पाणी त्याच दिशेने ढकलतो, फक्त जोर बराच कमी होतो.

निवाडा दाबावरून होतो. पाणी चिलरच्या नळ्यांमधून जाताना घर्षणामुळे त्याचा दाब घटतो, म्हणजे जास्त दाब असेल त्या तोंडातून पाणी आत शिरतं. दोन गेज लावले तर त्यांच्यातल्या फरकाने फसायला होतं, म्हणून बाईंनी एकच गेज आळीपाळीने दोन्ही तोंडांना लावला. पंप चालू असताना 'इनलेट'वर 2.5 किलो, 'आउटलेट'वर 3.1. पंप बंद केल्यावर दोन्हीकडे सारखाच आकडा. सेन्सर बरोबर होते, पाइप उलटे जोडले गेले होते.

मग जानेवारीत हे कसं कळलं नाही? चिलर आपल्या 'आउटलेट'च्या सेन्सरकडे बघून चालतो आणि तिथे 7 अंश राखतो. इथे तो सेन्सर खरं तर इमारतीतून परत येणारं पाणी मोजत होता. थंडीत भार कमी होता, पाणी एक-दीड अंशच गार करावं लागे, म्हणून पुढे जाणारं पाणी साडेपाच-सहाच्या आसपास राही आणि कुणाला काही खटकत नसे. भार वाढला तसा हा फरक चार अंशांवर गेला. परतीचं पाणी 7 वर आणायच्या नादात चिलर पुढचं पाणी 3 वर नेत होता. त्याला गार करणारं रेफ्रिजरंट त्याहूनही थंड, जवळजवळ गोठणबिंदूपाशी. ट्रिप झाला नसता तर नळ्यांत बर्फ धरून त्या फुटू शकल्या असत्या.

बाईंना जास्त काळजी वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. पाइपमधल्या फ्लो स्विचचं पातं बाणाच्या दिशेने पाणी वाहिलं तरच वाकून संपर्क जोडतं, आणि तो जोडल्याशिवाय चिलर सुरू होत नाही. उलट्या पाण्यात हा चिलर सुरूच व्हायला नको होता. त्यांनी टर्मिनल बॉक्स उघडला. फ्लो स्विचच्या दोन टर्मिनलमध्ये लाल वायरचा एक छोटा तुकडा घट्ट आवळलेला होता. जानेवारीत 'स्विच काम करत नाही' म्हणून कुणीतरी जंपर टाकला होता. स्विच बरोबर सांगत होता, त्याचंच तोंड बंद केलं गेलं.

चूक झाली कशी, ते टॉर्च घेऊन पाहिल्यावर दिसलं. दोन चिलर समोरासमोर बसवलेले, दुसरा पहिल्याच्या आरशातल्या प्रतिमेसारखा फिरवलेला. फिटरने मात्र पहिल्याला जोडलं त्याच क्रमाने दुसऱ्यालाही हेडरवरून पाइप आणले. दिशेचे बाण रंगवायच्या आधीच इन्सुलेशन चढलं होतं.

"सेन्सर आणि स्विच फिरवून टाकू, मॅडम. तासाभराचं काम आहे," फोरमन म्हणाला. पॅनेलवरचे आकडे त्याने खरोखर सुधारले असते. पण स्ट्रेनर आता चिलरच्या नंतर येत होता, त्यामुळे पाइपमधला वेल्डिंगचा कचरा आधी चिलरच्या नळ्यांत जाणार होता. शिवाय या यंत्रात पाणी आणि रेफ्रिजरंट विरुद्ध दिशांनी वाहावं अशी रचना होती. ती दिशा बदलली की क्षमता घटते.

बाईंनी दोन नंबरच्या चिलरचे व्हॉल्व्ह बंद केले, ब्रेकरला कुलूप घातलं आणि रात्रीच ईमेल पाठवली. सकाळी हँडओव्हर झाला तो एक नंबरच्या चिलरपुरता. ऑपरेशन थिएटर सुरू करायची तारीख पुढे गेली.

पाइप कापून, पुन्हा वेल्ड करून, पाण्याने धुऊन झाल्यावर चाचणी नव्याने घेतली. यावेळी इनलेटवर 3.1 किलो, आउटलेटवर 2.5. स्ट्रेनर उघडला तर त्यात मूठभर स्लॅग निघाला. जंपर काढलेला होता. बाईंनी चिलर भारावर चालू असताना मुद्दाम पंप बंद करायला लावला, आणि फ्लो स्विचने काही सेकंदांत चिलर थांबवला. त्यानंतरच त्यांनी दोन नंबरच्या कागदावर सही केली.