क्रिएटिनिन १.२, तरीही गोळी जास्त

वीस वर्षांपासून मधुमेह असलेल्या ७६ वर्षांच्या एका आजींचं उदाहरण घेऊ. वजन ४६ किलो. रात्री तळपायांची इतकी आग होते, की पायावर पांघरूणही नकोसं वाटतं. डॉक्टर त्यांना प्रीगॅबालिन ७५ मिलिग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ लिहून देतात. रक्ताच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन १.२ आहे, म्हणजे छापील मर्यादेच्या अगदी काठावर, त्यामुळे त्याकडे कुणी थांबून पाहत नाही. पहिले दोन-तीन दिवस आजींना खरोखर बरं वाटतं. आग कमी होते, झोप लागते. पाचव्या दिवसापासून मात्र त्या दुपारीही पेंगू लागतात, भिंत धरून चालतात, हाताला अचानक हिसका बसून कपातला चहा सांडतो. आठव्या दिवशी पहाटे बाथरूमला जाताना त्या पडतात. घरचे म्हणतात, आता वय झालं.

वय झालं हे खरं, पण पडण्याचं कारण गोळीत आहे. गोळी सुरू करण्याआधी एक छोटं गणित केलं असतं, तर ते कळलं असतं.

गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन ही सख्खी भावंडं. दोन्ही फिट्सच्या आजारातही वापरतात, पण आज ती बहुतेक वेळा नसांच्या दुखण्यासाठी दिली जातात: मधुमेहात होणारी पायांची आग, नागीण बरी झाल्यावर मागे उरणारा ठणका. नसांच्या टोकाशी कॅल्शियम आत जाण्याच्या ज्या वाटा असतात, त्यांना ही औषधं आवर घालतात आणि दुखण्याचे संदेश मंदावतात. पण अशा वाटा मेंदूतही सगळीकडे आहेत. म्हणून झोप, गरगरणं, चालताना तोल जाणं हे परिणाम धडधाकट माणसातही दिसतात. डोस बेताचा असेल तर ते बऱ्याचदा काही दिवसांत कमी होतात.

आजींच्या बाबतीत ते वाढत गेले. असं का झालं हे समजायला मूत्रपिंडाकडे वळावं लागतं. बहुतेक औषधांचं यकृत विघटन करतं. या दोघांचं जवळजवळ होत नाही. ती जशी आत आली तशीच लघवीवाटे बाहेर जातात, म्हणजे घराला एकच दार असावं तसं. मूत्रपिंड चांगलं असेल तर रक्तातलं प्रीगॅबालिन साधारण सहा तासांत निम्मं होतं. आजींच्या मूत्रपिंडाला त्याच कामाला एक अख्खा दिवस लागतो. आधीची गोळी निम्मीही गेलेली नसताना पुढची येते. अशी साठवण चार-पाच दिवस वाढत राहते आणि मग स्थिरावते. त्रास पाचव्या दिवशी सुरू होतो तो यामुळे, आणि गोळी पहिल्या दिवशी सोसली होती म्हणून तिच्यावर कुणाचा संशय जात नाही.

मग क्रिएटिनिन १.२ कसं? क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. अंगावर मांस उरलं नाही की ते कमीच तयार होतं, आणि मूत्रपिंड थकलेलं असूनही आकडा साधा दिसतो. यावर १९७६ मध्ये कॉक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी दिलेलं सूत्र आजही डोस ठरवायला वापरतात. १४० मधून वय वजा करायचं, उरलेल्याला वजनानं गुणायचं आणि ७२ गुणिले क्रिएटिनिन या संख्येनं भागायचं. स्त्री असेल तर उत्तराला ०.८५ नं गुणायचं. आजींचं उत्तर येतं सुमारे २९. हेच १.२ क्रिएटिनिन ७० किलो वजनाच्या तीस वर्षांच्या तरुणाचं असेल, तर उत्तर येतं ८९. रिपोर्टवर छापून येणारा ईजीएफआर हा सरासरी अंगकाठी धरून काढलेला असतो. आजींसारख्या किरकोळ बांध्याच्या माणसात तो बराच जास्त दिसतो, इथे ४७ च्या आसपास.

प्रीगॅबालिनचा नियम सोपा आहे. उत्तर ६० किंवा त्याहून जास्त असेल तर पूर्ण डोस, ३० ते ६० असेल तर निम्मा, १५ ते ३० असेल तर पाव, त्याखाली आणखी कमी. आजींना दिवसाला १५० मिलिग्रॅम दिलं गेलं. ते त्यांच्यासाठी चांगल्या मूत्रपिंडाच्या माणसाला ६०० देण्यासारखं होतं, आणि ६०० ही त्या माणसासाठीही कमाल मर्यादा. आजींची सुरुवात रात्री एकदा २५ मिलिग्रॅमनं व्हायला हवी होती. गॅबापेंटिनचंही असंच. एरवी दिवसाला ९०० ते ३६०० मिलिग्रॅमपर्यंत जाणारा डोस, आजींसारख्या रुग्णात २०० ते ७०० च्या आत, दिवसातून एकदा. डायलिसिसमध्ये ही औषधं धुऊन निघतात, म्हणून त्या रुग्णांना मोजकी जादा मात्रा डायलिसिस झाल्यावर देतात.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. ही औषधं अनेकदा मिथाइलकोबालामिन, म्हणजे बी-१२, बरोबर एकाच गोळीत येतात. पाकिटावरचं ते नाव पाहून घरचे तिला नसांच्या ताकदीची गोळी समजतात आणि डॉक्टरांनी कोणती औषधं चालू आहेत असं विचारलं, की तिचं नाव घ्यायचं राहून जातं. जोडगोळीत डोस कमी करणंही अवघड. हळूहळू विरघळणारी, एसआर लिहिलेली गोळी तर मोडूही नये. अशा वेळी २५ मिलिग्रॅमची सुटी कॅप्सूल मागून घ्यावी.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती पुढच्या साखळीची. गरगरतं म्हणून चक्करची गोळी सुरू होते. या औषधांनी पायांवर सूज येते, तर त्यासाठी लघवीची गोळी दिली जाते. अंगातलं पाणी कमी होतं, मूत्रपिंड आणखी मंदावतं आणि रक्तातलं औषध आणखी चढतं. गुडघ्यासाठी घेतलेलं डायक्लोफिनॅक किंवा दोन दिवसांचे जुलाबही हेच करतात. महिनोन्महिने नीट सोसलेला डोस अचानक बाधतो तो अशाच वेळी.

ओळखायचं कसं? गोळी सुरू केल्यापासून किंवा वाढवल्यापासून दोन आठवड्यांत पेंग, अडखळती चाल, असंबद्ध बोलणं दिसलं, तर आधी रक्तातली साखर तपासा. तोंड वाकडं झालं किंवा एका बाजूची शक्ती गेली, तर तो पक्षाघात समजून तडक रुग्णालय गाठा. साखर ठीक असेल आणि हातापायांना अधूनमधून हिसके बसत असतील, तर या गोळीचा संशय बळकट धरा. सोबत ट्रॅमाडॉल, अल्प्राझोलाम किंवा दारू असेल तर श्वासही मंदावू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं डिसेंबर २०१९ मध्ये याबद्दल खास इशारा दिला होता.

या औषधांचा उपयोग होतो, पण सगळ्यांना नाही. मधुमेहातल्या किंवा नागिणीनंतरच्या दुखण्यात दहांपैकी तीन-चार जणांचं दुखणं निम्म्यावर येतं, आणि नुसत्या खोट्या गोळीनंही साधारण दोघांचं येतं. कमरेतून पायात जाणाऱ्या कळेसाठी, म्हणजे सायटिकासाठी, ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रीगॅबालिन खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही, चक्कर मात्र जास्त आली. सोसवेल अशा डोसवर काही आठवड्यांत आराम पडत नसेल, तर ती चालू ठेवण्यात अर्थ नाही.

पण बरेच दिवस चालू असलेली गोळी मनानं एकदम बंद करू नका, त्यानं घाम, अस्वस्थता, क्वचित फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या सल्ल्यानं किमान आठवडाभर हळूहळू कमी करा. रुग्ण हाक मारूनही नीट जागा होत नसेल, तर मात्र पुढची गोळी देऊ नका, पाकीट सोबत घेऊन रुग्णालयात न्या. आणि घरात कुणी वयस्कर माणूस ही गोळी घेत असेल, तर या आठवड्यातच त्यांचं वजन करा, क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट काढा आणि दोन्ही आकडे डॉक्टरांसमोर ठेवून एवढंच विचारा: हा डोस यांच्या मूत्रपिंडाला धरून आहे का?